पगाराची स्लिप खोटी आहे हे ओळखायचं कसं? क्रेडिटमध्ये नवीन आलेल्यांसाठी

मी पर्सनल लोनच्या क्रेडिट टीममध्ये लागलो तेव्हा पहिले दोन महिने काय करायचो, तर स्टेटमेंट उघडायचं, फॉन्ट कुठे जाडबारीक दिसतोय का बघायचं, मागचा बॅलन्स अधिक जमा वजा खर्च बरोबर नवा बॅलन्स, हे दहाबारा ओळींवर कॅल्क्युलेटरने ताडायचं, जुळलं की खूश. आता हे पुरत नाही, कारण फॉन्ट हुबेहूब मिळतो आणि बॅलन्स एक्सेलच आपोआप जुळवून देतं. बेरीज चुकलेली फाईल सापडली तर समजा समोरचा आळशी होता.

माझ्या हातून जवळजवळ सुटलेली एक फाईल सांगतो. एप्रिलमध्ये आलेली, पिंपरीकडची, डीएसए म्हणजे बँकेला कर्जाच्या फाईली आणून देणाऱ्या एजंटमार्फत. जानेवारी ते मार्चच्या तीन स्लिपा, ग्रॉस ५५,०००, बेसिक २७,५००, हातात ५३,४८०, आणि सहा महिन्यांचं सेव्हिंग अकाउंटचं स्टेटमेंट, ज्यात दर महिन्याला बरोब्बर ५३,४८० जमा. बेरजा चोख. मी अप्रूव्हला टाकणार तेवढ्यात आमच्या मॅडम मागून म्हणाल्या, "व्याज बघितलंस का रे?"

नव्हतं बघितलं. सेव्हिंग खात्यात बहुतेक बँका तिमाहीला व्याज टाकतात, आणि ते रोजच्या बॅलन्सवर मोजलेलं असतं. त्या बँकेचा दर तेव्हा ३ टक्के होता. स्टेटमेंटमध्ये जानेवारी ते मार्च बॅलन्स ४० हजारांच्या खाली एकदाही गेला नव्हता, म्हणजे तीन महिन्यांचं व्याज साधारण ३०० रुपये तरी पाहिजे. ३१ मार्चला जमा होते ४१ रुपये! उलटं गणित केलं तर ४१ रुपये व्याज पडायला सरासरी बॅलन्स साधारण साडेपाच हजार लागतो, म्हणजे पगार आणि बॅलन्स दोन्ही फुगवले पण व्याजाची ती एक ओळ खऱ्या खात्यातली तशीच राहिली.

मग स्लिपा परत काढल्या. पीएफ कापलेला १,३२०. कर्मचाऱ्याचा पीएफ बेसिक अधिक डीएच्या १२ टक्के असतो, म्हणजे २७,५०० वर ३,३०० यायला हवा, किंवा कंपनी १५ हजारांच्या मर्यादेवरच भरत असेल तर १,८००. महिन्यात बिनपगारी रजा पडली तर आकडा कमी येतो, पण इथे तिन्ही महिने पूर्ण हजेरी. १,३२० कशाचे १२ टक्के? ११,००० चे. म्हणजे त्याचं खरं बेसिक त्या स्लिपेतच लिहिलेलं होतं, आपणच वाचलं नव्हतं.

आणि फेब्रुवारीची स्लिप तर बघण्यासारखी, पेड डेज ३१! वर प्रोफेशनल टॅक्स २००. महाराष्ट्रात या पगाराला महिन्याला २०० कापतात आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५०० व्हावेत म्हणून. एकाच महिन्याची स्लिप घेऊन फक्त महिन्याचं नाव बदललेलं. (हा नियम दुसऱ्या राज्यातल्या स्लिपला लावू नका, आणि बायकांना २५ हजारांपर्यंत हा टॅक्स माफ आहे, तिथे शून्य दिसला म्हणून दचकू नका.)

यातली एकच गोष्ट सापडली तर मी फाईल लगेच मारत नाही. छोट्या कंपनीचा अकाउंटंट फेब्रुवारीत २०० कापून मोकळा होतो, हे खरंच होतं. ऑटो स्वीपचं खातं असेल तर पैसे एफडीत जातात आणि व्याजाचं गणित वेगळंच येतं, खातं तिमाहीच्या मध्ये उघडलं असेल तरी तेच. पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये एखाद्या एडिटरचं नाव दिसलं म्हणजेही लगेच चोर नाही, बरेच लोक पासवर्ड काढायला फाईल परत प्रिंट करून सेव्ह करतात. अशा वेळी बँकेकडून ईमेलवर आलेली पासवर्डवाली मूळ फाईल मागा, नाहीतर अकाउंट ॲग्रीगेटरवर ग्राहकाची संमती घ्या, मग स्टेटमेंट थेट बँकेकडून येतं, मध्ये कुणाचा हात लागत नाही. एचआरला फोन करायचा तर स्लिपवरच्या नंबरवर कधीच नको, तो एजंटच्या मित्राकडे लागतो.

आम्ही त्या माणसाला ब्रांचला बोलावून त्याच्याच मोबाईलवर, त्याच्याच ओटीपीने ईपीएफओचं पासबुक उघडायला सांगितलं. दर महिन्याला कर्मचाऱ्याचा हिस्सा १,३२०. तो कसानुसा होऊन म्हणाला, "साहेब, मी फक्त सह्या केल्या, कागद एजंटने लावले." खरं असेलही. पण तिथे वाद घालायचा नाही, बनावट कागद म्हणून तोंडावर आरोपही करायचा नाही, ते आपलं काम नाही. मी नोट लिहिली, ४१ रुपयांची ओळ, पीएफ आणि फेब्रुवारीचे ३१ दिवस मार्क केले आणि फाईल आरसीयूला, म्हणजे फसवणुकीच्या फाईली तपासणाऱ्या टीमला पाठवली. त्याच एजंटच्या आधी पास झालेल्या फाईलीही मग बाहेर काढल्या, त्यात दोन माझ्या सहीच्या होत्या.