टॉकबॅक मेनू वाचेपर्यंत *99# बंद पडतं? हे करा

खात्यातली शिल्लक बघायला *99# लावलं की लांबलचक मेनू येतो. टॉकबॅक तो वाचून संपवेपर्यंत वेळ संपते आणि खिडकी बंद. पुन्हा पहिल्यापासून! म्हणून मेनूच टाळायचा. शिल्लक तिसऱ्या क्रमांकावर असते, तेव्हा थेट हा कोड लावा:

```
*99*3#
```

1. हा कोड ‘शिल्लक’ नावाने कॉन्टॅक्टमध्ये सेव्ह करा. दर वेळी स्टार-हॅश शोधत बसायला नको.
2. बँकेत नोंदवलेल्या सिमवरूनच लावा. दोन सिम असतील तर तेच सिम निवडा.
3. यूपीआय पिनचा रकाना आला की पिन टाका, उजवीकडे स्वाइप करत Send वर या आणि दोनदा टॅप करा.
4. रक्कम ऐकू आली नाही तर घाईने काही दाबू नका. डावीकडे स्वाइप केलं की तो मजकूर पुन्हा वाचला जातो.

आधी *99# वर एकदा नोंदणी करून पिन ठरवलेला हवा.

एक जपा: या रकान्यात पिनचे आकडे पडद्यावर उघडे दिसू शकतात, आणि टॉकबॅक ते मोठ्याने बोलतोही. इअरफोन लावा, टॉकबॅक मेनूतून Hide screen करा.