तक्ता वाचून दाखवू नका: बोर्डासमोर आकडे बोलताना या चुका टाळा

तिमाहीचा तक्ता संचालकांच्या हातात आधीच असतो. तुमच्या संहितेचं काम तो पुन्हा वाचायचं नसून त्यातून काय कळतं ते सांगायचं आहे. तरीही बहुतेक संहिता पहिल्या ओळीच्या पहिल्या रकान्यापासून सुरू होतात. एक छोटा तक्ता घेऊन बघू. आकडे काल्पनिक आहेत, कोटी रुपयांत.

| विभाग | गेल्या वर्षी | बजेट | प्रत्यक्ष |
|---|---|---|---|
| घाऊक | ५८.० | ६२.४ | ६४.९ |
| किरकोळ | ४०.१ | ४१.५ | ३६.२ |
| ऑनलाइन | १२.४ | १८.१ | १७.८ |
| एकूण | ११०.५ | १२२.० | ११८.९ |
| ढोबळ नफा | ३१.२% | – | २८.७% |

ओळीने वाचणं

"घाऊक विभागाचं बजेट बासष्ट पूर्णांक चार, प्रत्यक्ष चौसष्ट पूर्णांक नऊ…" असं सुरू झालं की ऐकणारा तिसऱ्या आकड्यापाशी पहिला विसरतो. डोळा मागे वळून आकडा पुन्हा पाहू शकतो, कानाला ती सोय नाही. म्हणून आधी वजाबाकी करून घ्या. इथे बजेटपेक्षा घाऊक २.५ ने वर, किरकोळ ५.३ ने खाली, ऑनलाइन ०.३ ने खाली, एकूण ३.१ ने खाली. आता सांगायची गोष्ट दिसते, आणि ती अशी बोलता येते:

"या तिमाहीत विक्री बजेटपेक्षा तीन कोटींनी कमी झाली. ही तूट मुख्यतः किरकोळ विभागाची आहे. तो एकटा सव्वापाच कोटींनी मागे आहे. घाऊक विभागाने अडीच कोटी जास्त आणले, त्यामुळे एकूण तूट तिथेच थांबली."

ऑनलाइनचा उल्लेखही नाही, आणि तो नसलेलाच बरा. विचारलं तर तक्ता समोर आहेच.

आधी पूर्णांक, मग वजाबाकी

किरकोळचे आकडे आधी पूर्णांकात आणले तर ४२ आणि ३६ होतात, आणि फरक सहा कोटी निघतो. खरा फरक ५.३ आहे. संचालकाने कागदावर पेन्सिलीने वजाबाकी केली की तुमच्या पुढच्या प्रत्येक आकड्यावर त्याची शंका बसते. मूळ आकड्यांवरून फरक काढा आणि बोलण्यापुरता शेवटी सोपा करा. सव्वा, अडीच, साडेतीन, पावणेसात हे शब्द दशांशचिन्हापेक्षा कानाला कितीतरी सोपे जातात.

कशाच्या तुलनेत, ते न सांगणं

"विक्री साडेसात टक्क्यांनी वाढली" हे गेल्या वर्षाच्या तुलनेत बरोबर आहे. बजेटच्या तुलनेत मात्र विक्री अडीच टक्क्यांनी घटली आहे. दोन्ही वाक्यं खरी आहेत, म्हणून आधार त्याच वाक्यात हवा. शक्यतो एका परिच्छेदात एकच आधार ठेवा. दुसऱ्याकडे वळताना "आता गेल्या वर्षाशी तुलना करू" असं स्पष्ट म्हणा. सादरीकरणात "कशाच्या तुलनेत?" हा प्रश्न आला, तर चूक इथेच आहे असं समजा.

टक्क्यांवरचे टक्के

सगळ्यात जास्त गोंधळ शेवटच्या ओळीत होतो. "ढोबळ नफा अडीच टक्क्यांनी घसरला" हे ऐकून कुणी ३१.२ चे अडीच टक्के काढेल आणि नफा ३०.४ टक्क्यांवर आला असं समजेल. आणखी कुणाला ही नफ्याच्या रकमेतली घट वाटेल. त्यापेक्षा म्हणा: "गेल्या वर्षी शंभर रुपयांच्या विक्रीमागे एकतीस रुपये ढोबळ नफा होता, आता एकोणतीसच्याही खाली आला आहे."

इथे आणखी एक पायरी घ्यावी, कारण बोर्डाला खरं तर तेच हवं असतं. ११०.५ चे ३१.२ टक्के म्हणजे सुमारे ३४.५ कोटी, आणि ११८.९ चे २८.७ टक्के म्हणजे सुमारे ३४.१ कोटी. म्हणजे: "विक्री आठ कोटींहून जास्त वाढली, तरी हाती आलेला ढोबळ नफा वाढला नाही, उलट किंचित घटला." हे वाक्य तक्त्यातल्या कोणत्याही एका चौकटीत सापडत नाही, म्हणून ते बोलून दाखवायलाच हवं.

तक्त्यात नसलेलं कारण जोडणं

नफा का घटला हे हा तक्ता सांगत नाही. जास्त सवलती दिल्या असतील, किंवा कच्चा माल महागला असेल. "सवलतींमुळे" हा शब्द लिहिण्याआधी सवलतींचे आकडे हाताशी असू द्या. नसतील तर "कारण तपासत आहोत, अमुक तारखेपर्यंत कळवू" एवढंच म्हणा आणि तारीख पाळा.

शेवटच्या क्षणी बदललेले आकडे

आदल्या संध्याकाळी हिशेब विभाग एक आकडा सुधारतो, तक्ता बदलतो आणि संहिता जुनीच राहते. उपाय साधा आहे. संहितेच्या समासात प्रत्येक आकड्यासमोर तो कोणत्या चौकटीतून आला ते लिहा, जसं `D4` किंवा `D4-C4`. सुधारणा आली की नेमकी कोणती वाक्यं बदलायची ते लगेच कळतं.

संहिता तयार झाली की तक्ता न दाखवता एका सहकाऱ्याला ती वाचून दाखवा आणि त्याने ऐकलेले आकडे त्याला लिहायला सांगा. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी अशा जोड्या त्याने चुकवल्या, तर तिथे "जवळपास साठ", "जवळपास सत्तर" असं लिहा. आकडे बरोबर आले पण कोणता विभाग मागे पडला ते सांगता आलं नाही, तर वाक्यांचा क्रम बदला आणि निष्कर्ष आकड्याच्या आधी आणा.