फोटोत दिसलेला ‘डुक्कर रुपया’ हातात घेऊन कसा तपासावा

पंचम जॉर्जच्या चांदीच्या रुपयावर राजाच्या झग्यावर एक चिमुकला हत्ती आहे. १९११ साली त्याची सोंड इतकी आखूड उमटली, की लोकांना तो डुक्कर वाटला आणि ओरड झाली. टांकसाळीतील बराचसा माल वितळवण्यात आला आणि १९१२ पासून सोंड व कान स्पष्ट असलेला हत्ती आला. म्हणून १९११ चा रुपया महाग विकला जातो. फोटोवरून फसण्यासाठी याहून सोयीचे नाणे मी पाहिलेले नाही, कारण सारा निवाडा दोन मिलिमीटरच्या हत्तीवर आणि सालाच्या शेवटच्या आकड्यावर असतो.

परतवाड्याकडील एका गावातून मला अशा रुपयाचे दोन फोटो आले. एकात हत्ती खरोखर डुकरासारखा होता, दुसऱ्यात १९११ वाचता येत होते. मी पैसे देऊन मोकळा झालो. नाणे हाती आल्यावर जे केले, ते आधी करायला हवे होते.

पहिले काम, नाणे एकाच दिव्याखाली धरून हळूहळू कलते करावे. छापाच्या दाबाने धातू पसरतो, त्याच्या अतिसूक्ष्म रेषा उरतात आणि नाणे हलवले की त्यांवरून उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा फिरतो. छाप कमी बसला असेल, तर हत्ती सपाट असूनही हा पट्टा त्याच्यावरून पुढे सरकतो. झीज झाली असेल, तर पट्टा तिथे तुटतो आणि जागा मंद करडी दिसते. स्थिर फोटोत या दोन्ही गोष्टी एकसारख्याच सपाट दिसतात. समोरून उजेड टाकला की उठाव नाहीसा होतो, बाजूने टाकला की झिजलेले नाणेही टवटवीत वाटते. शिवाय फोन स्वतःहून कडा धारदार करतो, ते वेगळेच. माझ्या नाण्यावर पट्टा हत्तीपाशी तुटत होता. म्हणजे तो डुक्कर टांकसाळीतला नव्हता, चांगल्या हत्तीची सोंड वर्षानुवर्षांच्या वापरात झिजली होती.

दुसरे, साल दहापट भिंगाखाली पाहावे. माझ्या नाण्यात शेवटचा १ उजवीकडे सरकलेला होता आणि त्याच्या डावीकडे, वरच्या बाजूला, पृष्ठभाग किंचित खोल व ओरखडलेला होता. मूळचा ९ असावा. त्याचा गोल खरडून फक्त दांडा ठेवला होता.

तिसरे, कड चारही बाजूंनी फिरवून पाहावी. विक्रेते कडेचा फोटो क्वचितच पाठवतात. आपल्याकडे गावोगावी बायकांच्या माळांमध्ये असे रुपये ओवलेले असत आणि त्यासाठी सोनार वरच्या बाजूला कडी डाखायचा. कडी काढून घासली, तरी त्या जागेच्या खाचा बुजलेल्या राहतात. माझ्या नाण्यावर राजाच्या मुकुटाच्या अगदी वर तशी जागा सापडली.

चौथे, धातू तपासावा. पूर्ण वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक जुना तोळा; झिजलेले नाणे थोडे कमी भरते. शंभरांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करावा, बारीक दोऱ्याला नाणे बांधून ते तळाला वा काठाला न लागता पूर्ण बुडवावे, चिकटलेले बुडबुडे झटकावेत आणि दिसेल तो आकडा लिहून घ्यावा. कोरड्या वजनाला त्याने भागावे. माझे गणित ११.४२ भागिले १.११, म्हणजे सुमारे १०.३ आले आणि या रुपयाच्या चांदीला तेवढेच हवे. जर्मन सिल्व्हर असते, तर उत्तर नऊच्याही खाली गेले असते. धातू खरा आणि साल खोटे, असे हे प्रकरण निघाले. चांदीतच ओतलेली नक्कल मात्र या चाचणीत पकडली जात नाही. तिच्यासाठी अक्षरांच्या बोथट कडा आणि सपाट भागातील बारीक छिद्रे भिंगाने शोधावी लागतात.

नोटांची गोष्ट थोडक्यात सांगतो. धुऊन इस्त्री केलेली नोट फोटोत नवी दिसते, पण उजेड आडवा टाकला की घडीची रेघ उठते, आणि जलचिन्ह तर नोट उजेडासमोर धरल्याशिवाय कळतच नाही.

तपासणीपूर्वी राख, चिंच किंवा लिंबू लावून नाणे उजळवू नये, कारण फिरणारा पट्टाच त्याने पुसला जातो. पुढच्या वेळी मी पैशाआधी तीन गोष्टी मागितल्या: नाणे दिव्याखाली कलते करतानाचा व्हिडिओ, कडेचा पूर्ण फेरा आणि काट्यावर ठेवलेल्या नाण्याचा फोटो. विक्रेत्याने काट्याचा फोटो लगेच पाठवला, कडेचा मात्र आजपर्यंत आलेला नाही.