अखेरच्या षटकांत यॉर्कर आणि संथ चेंडू कसे टाकावेत

मर्यादित षटकांच्या सामन्यात शेवटची चार-पाच षटके उरली की फलंदाज पुढचा पाय बाजूला काढून प्रत्येक चेंडूवर जोरात बॅट फिरवतो. असा फटका बसण्यासाठी चेंडूच्या खाली बॅट जावी लागते आणि वेगाचा अंदाज आधीच बांधावा लागतो. यॉर्कर बॅटला खाली जाऊ देत नाही, तर संथ चेंडू वेगाचा अंदाज चुकवतो.

प्रथम यॉर्कर पक्का करावा. यष्टींपासून चार फुटांवर असलेल्या पॉपिंग क्रीझवर जुने बूट ठेवून त्यांच्या टोकावर नेम धरावा. चेंडू हातातून लवकर सुटला तर फुलटॉस होतो, उशिरा सुटला तर हाफ-व्हॉली; त्यामुळे कोणती चूक वारंवार होते ते पाहून सुटण्याचा क्षण सुधारावा. फलंदाज लेगच्या बाजूला सरकत असेल, तर हाच टप्पा ऑफ यष्टीबाहेर, पण वाइडच्या रेषेच्या आत ठेवावा.

त्यानंतर संथ चेंडूंपैकी ऑफ कटर शिकावा, कारण नवशिक्याला तोच सर्वांत लवकर साधतो. उजव्या हाताच्या गोलंदाजाने चेंडू सोडताना बोटे त्याच्या उजव्या कडेवरून खाली ओढावीत. दाराची गोल मूठ उजवीकडे फिरवावी तशी. धाव आणि हाताचा वेग मात्र तसाच ठेवावा, कारण हात मंदावला की चांगला फलंदाज ते तत्काळ ओळखतो. येथे एक गोष्ट हमखास विसरली जाते: वेग कमी झालेला चेंडू, नेहमीच्याच क्षणी सोडला तर, आखूड पडतो, म्हणून तो किंचित आधी, थोडा उंच सोडावा. दव पडून चेंडू ओला झाला असेल, तर बोटांची पकड सुटते. तेव्हा कटरपेक्षा यॉर्करच बरा.

दोन्ही अस्त्रांचे मोल 29 जून 2024 रोजी ब्रिजटाउनच्या टी-20 विश्वचषक अंतिम सामन्यात दिसले. दक्षिण आफ्रिकेला 24 चेंडूंत 26 धावा हव्या होत्या आणि 27 चेंडूंत 52 धावा केलेला हाइनरिक क्लासेन खेळत होता. सतराव्या षटकाच्या पहिल्याच चेंडूवर हार्दिक पंड्याने ऑफ यष्टीच्या बरेच बाहेर संथ चेंडू टाकला. वेगवान चेंडूच्या हिशेबाने निघालेली बॅट लांबवर ताणली गेली आणि कड लागून चेंडू ऋषभ पंतच्या हाती विसावला. त्या षटकात चार धावा निघाल्या, बुमराहने अठराव्यात दोनच दिल्या.

शेवटच्या षटकात 16 धावा हव्या असताना हार्दिकचा पहिला चेंडू मात्र ऑफबाहेरचा फुलटॉस ठरला. डेव्हिड मिलरने तो उंच टोलवला आणि मुंबईच्या सूर्यकुमार यादवने सीमारेषेवर चेंडू आत उडवून, स्वतः बाहेर जाऊन परत येत झेल पूर्ण केला. टप्पा चुकूनही बळी मिळाला, कारण क्षेत्ररक्षक नेमका त्या बाजूला उभा होता. म्हणून यॉर्कर टाकण्यापूर्वी, तो चुकला तर फटका कुठे जाईल हे ठरवून तिथे माणूस ठेवावा.