ऑइल बदलल्यावर किटलीचा लाल दिवा विझत नसेल तर

ऑइल आणि फिल्टर बदलून गाडी पहिल्यांदा चालू केली, की नवा फिल्टर भरेपर्यंत किटलीच्या चित्राचा लाल दिवा तीन-चार सेकंद राहू शकतो. दहा सेकंदांनंतरही तो विझला नाही, तर रेस न देता इंजिन लगेच बंद करावे, कारण ऑइलचा दाब खरोखरच नसेल तर बेअरिंग खराब व्हायला काही मिनिटे पुरतात.

प्रथम वायर पाहावी. जुन्या जीप-टेम्पोंमध्ये ऑइलचा स्विच बहुधा एकाच वायरीचा असतो. दाब नसताना तो वायरीला इंजिनशी, म्हणजे अर्थशी जोडतो व दिवा लागतो, आणि दाब आला की जोड सुटतो. चावी ऑन करावी, इंजिन मात्र चालू करू नये, आणि स्विचवरची वायर काढावी. दिवा विझला तर वायर ठीक आहे. जळतच राहिला तर वायर कुठेतरी सोलून इंजिनला टेकली आहे. यातली गोम अशी, की या गाड्यांत कनेक्टर सुटला तर दिवा लागतच नाही. सुटलेल्या कनेक्टरमुळे दिवा जळत राहण्याचा प्रकार दोन-तीन वायरींच्या सेन्सरच्या नव्या गाड्यांत होतो. तिथे ही चाचणी लागू पडत नाही, कनेक्टर टक आवाज होईपर्यंत बसवावा.

परभणी-गंगाखेड रस्त्यावर चालणाऱ्या, आमच्या ओळखीच्या एका जीपची वायर ठीक निघाली. गाडी सपाट जागी दहा मिनिटे उभी ठेवून डिपस्टिक पुसून पाहिली, तर ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर होते: चार लिटरच्या इंजिनात पाच लिटरचा डबा उरू नये म्हणून पूर्ण ओतलेला. अशा वेळी क्रँक ऑइलमध्ये बुडून फेस करतो, पंप हवा ओढतो आणि दाब पडतो. चेंबरचा नट सैल करून थोडे-थोडे ऑइल काढत पातळी खुणेवर आणली.

तरीही रोज सकाळी दिवा नऊ-दहा सेकंद राहू लागला, दिवसभर मात्र ठीक. हे फिल्टरचे लक्षण. त्या जीपचा फिल्टर आडवा बसतो आणि चुकीच्या फिल्टरमध्ये ऑइल परत जाऊ न देणारा रबरी पडदा नव्हता, म्हणून तो रात्रभरात रिकामा होई. विकत घेताना फिल्टरच्या तोंडावरील कडेच्या छोट्या छिद्रांतून काडी हळूच टेकवावी. मऊ रबर लागले तर पडदा आहे. आटे आणि रिंगचा व्यास जुळला, एवढ्यावर घेऊ नये. जुन्याची रबरी रिंग इंजिनला चिकटलेली नाही ना, हेही बोटाने तपासावे, नाहीतर दोन रिंगा एकावर एक बसतात आणि ऑइल धारेने बाहेर येते.

नवा फिल्टर बसवल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे दिवा दोन सेकंदांत विझला. इतके करूनही तो राहिला असता, तर स्विच काढून त्याच जागी दाबमापक लावून मिस्त्रीकडून खरा दाब मोजून घेतला असता, आणि तोवर गाडी टोचन करूनच नेली असती.