दुधाळ सीरम आणि खोटं कमी सोडियम : या चुका टाळा

पोटदुखीने दाखल झालेला अडतीस वर्षांचा माणूस, स्वादुपिंडाला सूज असल्याची शंका. सीरम वेगळं केलं तर ते दुधासारखं पांढरं, नळीमागे धरलेली अक्षरं दिसेनात. मोठ्या केमिस्ट्री मशीनवर सोडियम 128, पोटॅशियम 3.6. माणूस मात्र शुद्धीवर, नीट बोलणारा. वॉर्डमधून फोन आला, "सोडियम परत लावा."

परत लावलं, परत 128. इथेच पहिली चूक होते. आकडा दोनदा सारखा आला म्हणजे तो खरा, असं आपण धरून चालतो. पण यंत्र बिघडलेलंच नसेल तर ते तीच चूक शंभर वेळा इमानाने करील. सकाळचे कंट्रोलही पास झालेले असतात, कारण कंट्रोलच्या बाटलीत असली चरबी नसते. हा दोष कॅलिब्रेशनचा नाही, इलेक्ट्रोडचाही नाही. तो त्याआधीच्या पिपेटिंगमध्ये आहे.

काचेच्या पेल्यात सरबत आहे आणि त्यात मूठभर गोट्या टाकल्या आहेत असं समजा. पेला काठोकाठ भरलेला दिसतो. जिभेवर थेंब ठेवला तर गोडी आहे तेवढीच लागते. आता हाच भरलेला पेला गोट्यांसकट बादलीभर पाण्यात ओता आणि मग चव घ्या. गोट्यांनी जागा अडवल्यामुळे बादलीत साखर कमी गेली, म्हणून चव फिकी लागेल.

डायरेक्ट पद्धत म्हणजे जिभेवरचा थेंब. नमुना पातळ न करता थेट इलेक्ट्रोडला लागतो. सोडियमसाठी काचेचा पडदा, पोटॅशियमसाठी व्हॅलिनोमायसिन असलेला प्लॅस्टिकचा पडदा. दोन्ही पडद्यांना फक्त पाण्यात विरघळलेले आयन कळतात, चरबीचे थेंब त्यांच्या हिशेबात येत नाहीत. इनडायरेक्ट पद्धत म्हणजे बादली. मशीन ठरावीक मायक्रोलिटर सीरम उचलतं, वीस-तीस पट पातळ करतं, मोजतं आणि तेवढ्याच पटीने गुणून उत्तर देतं. त्यात गृहीत असतं की उचललेल्या सीरममध्ये साधारण 93 टक्के पाणी आहे. निरोगी माणसात ते खरंच असतं. चरबी किंवा प्रथिनं फार वाढली की पाण्याचा वाटा घटतो आणि मशीनला त्याचा पत्ताही लागत नाही.

(डायरेक्ट यंत्र पाण्यातलं जे प्रमाण मोजतं ते खरं तर 150 च्या आसपास असतं. यंत्रं ते ठरावीक गुणकाने खाली आणून आपल्या ओळखीच्या 135 ते 145 च्या पट्टीत दाखवतात. म्हणून निरोगी नमुन्यात दोन्ही पद्धती जुळतात आणि फरक आहे हेच आपण विसरतो.)

आपल्या रुग्णाचा नमुना बाजूच्या छोट्या डायरेक्ट अॅनालायझरवर लावला : सोडियम 139, पोटॅशियम 3.9. आता हा फरक चरबीमुळेच आहे का, हे आकड्यांनी पडताळायचं. पाण्याचा टक्का काढायचं जुनं सूत्र असं :

पाणी (टक्के) = 99.1 − (1.03 × एकूण लिपिड) − (0.73 × एकूण प्रथिनं), दोन्ही ग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये.

ट्रायग्लिसराइड 6,800 मिलिग्रॅम आले होते. कोलेस्टेरॉल आणि फॉस्फोलिपिड धरून एकूण लिपिड अंदाजे 8.2 ग्रॅम, प्रथिनं 7 ग्रॅम. उत्तर येतं 85.5 टक्के पाणी. 139 ला 93 ने भागून 85.5 ने गुणलं की 127.8. हिशेब जुळला.

दुसरी खात्री ऑस्मोलॅलिटीची. ती गोठणबिंदूवरून मोजली तर चरबीचा त्रास होत नाही. साखर 110, युरिया 30 होता. 128 धरून गणित केलं (सोडियमची दुप्पट, अधिक साखर भागिले 18, अधिक युरिया भागिले 6) तर 267 येतात. मोजलेली 290 होती. 139 धरलं तर 289. खरं सोडियम कोणतं ते इथे स्पष्ट होतं.

आता माझ्या मते सर्वांत धोक्याची चूक : सीरम दुधाळ दिसलं की सगळं कमी सोडियम चरबीच्या माथी मारायचं. वरच्याच सूत्राने बघा, एकूण लिपिड 1,000 मिलिग्रॅमने वाढले तर सोडियम जेमतेम दीड मिलिमोलने खाली येतं. ट्रायग्लिसराइड 600 असतानाही सीरम गढूळ दिसतं, पण त्याने एक मिलिमोलसुद्धा फरक पडणं अवघड. अशा नमुन्यात सोडियम 122 असेल तर ते खरंच 122 च्या आसपास आहे. तिथे "लायपेमिक नमुना" असा शेरा मारून मोकळं होणं म्हणजे खरा आजार झाकणं.

साखरेचाही असाच घोटाळा होतो. मधुमेहाच्या रुग्णात साखर 600 आणि चरबीही वाढलेली असते. साखर पेशींतलं पाणी बाहेर ओढते आणि सोडियम खरोखर पातळ होतं. ते डायरेक्टवरही कमीच येणार, त्याला खोटं म्हणायचं नाही. दोन्ही कारणं एकत्र असतील तर आधी डायरेक्टचा आकडा घ्या, मग साखरेचा विचार करा.

पोटॅशियमकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. टक्क्यांत घट तेवढीच, आठेक टक्के, पण 3.9 चे 3.6 झाले तर नजरेत भरत नाही. 3.7 चे 3.4 झाले की कुणीतरी पोटॅशियमची बाटली लावतं.

डायरेक्ट यंत्र हाताशी नसेल तेव्हा लोक जे उपाय करतात त्यांतले काही घातकच आहेत. नमुना सलाइनने पातळ करू नका, सलाइनमध्ये सोडियम 154 आहे. पाण्याने पातळ करून डायरेक्टवर लावणं म्हणजे स्वतःच्या हाताने इनडायरेक्ट पद्धत करणं, गोट्या पुन्हा बादलीत. चरबी बाजूला काढायची तर नेहमीच्या 3,000 फेऱ्यांच्या सेंट्रिफ्यूजने ती पुरेशी हटत नाही. 10,000 जीला पंधरा मिनिटं फिरवून वरची साय टाळून खालचं स्वच्छ सीरम उचला. काही चरबी इतकी बारीक असते की तिला अल्ट्रासेंट्रिफ्यूजच लागतं.

ब्लड गॅस मशीन डायरेक्टच आहे, आणि बहुतेक रुग्णालयांत तेच सर्वांत जवळ असतं. पण सिरिंजमध्ये द्रव सोडियम हेपॅरिन जास्त राहिलं तर सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही बिघडतात, म्हणून कोरडं, संतुलित हेपॅरिन असलेली सिरिंज घ्या. शिवाय अख्ख्या रक्तात पेशी फुटलेल्या डोळ्यांना दिसत नाहीत. पोटॅशियम अनपेक्षितपणे वाढलेलं आलं तर उरलेला नमुना फिरवून प्लाझ्माचा रंग पाहा.

आणि सीरम स्वच्छ आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पित्त अडकलेल्या काविळीत लायपोप्रोटीन-एक्स वाढतं, कोलेस्टेरॉल हजाराच्या वर जातं, तरी सीरम दुधाळ होत नाही आणि मशीनचा लायपेमिया इंडेक्सही गप्प बसतो. मायलोमात हेच काम प्रथिनं करतात. उलट अतिदक्षता विभागात अल्ब्युमिन खूप घटलेल्या रुग्णाचं पाणी 93 च्या वर असतं, तिथे इनडायरेक्ट सोडियम खऱ्यापेक्षा जास्त दाखवतं. कमी असलेलं सोडियम चक्क नॉर्मल दिसतं, आणि नॉर्मल आकड्यावर फोन कोण करणार?

रिपोर्टवर पद्धत लिहा. गावातल्या लॅबचं छोटं यंत्र सहसा डायरेक्ट, शहरातल्या मोठ्या लॅबचं सहसा इनडायरेक्ट. सकाळी 139 आणि संध्याकाळी 128 पाहून डॉक्टरांना वाटतं की सोडियम एका दिवसात 11 ने कोसळलं, आणि ते तीन टक्के सलाइन मागवतात. आपल्या रुग्णाच्या रिपोर्टवर आम्ही डायरेक्टचे आकडे दिले, खाली पद्धत आणि ट्रायग्लिसराइड लिहिले, आणि पुढचे सगळे नमुने त्याच यंत्रावर लावायचे असं वॉर्डला कळवलं.