घाऊक व्यापाऱ्याकडे पहिली उधारी मागताना

पत्रात उधारीचा आकडा अंदाजाने टाकू नका. त्याच पेढीच्या रोख बिलांवरून काढा. किराणा दुकानाची आठवड्याची खरेदी साधारण ८,००० रुपये असेल, तर मर्यादाही तेवढीच मागा. मजकूर असा चालेल: “शेठजी, सहा महिने आपल्याकडून रोखीने माल नेतो. ८,००० रुपयांपर्यंत सात दिवसांची उधारी मिळावी. दर सोमवारी यूपीआयने रक्कम भरेन. आधीचे बिल चुकते झाल्याशिवाय नवा माल उधारीवर उचलणार नाही.” हे शेवटचे वाक्य सर्वांत वजनदार, कारण थकबाकी साचण्याचीच त्यांना धास्ती असते. सोबत शॉप ॲक्टची प्रत जोडा. सही केलेला कोरा चेक मात्र आपणहून देऊ नका. रोखीवरची सूट उधारीत जाते का, तेही पत्रातच विचारा.